साडेएक किलोचं बाळ

प्रेमिला निनावे ही भित्री बाई म्हणून सगळ्या गोळीबार चौकात ठाऊक होती. घराबाहेर पडली की गल्लीच्या टोकावरून परत यायची, गॅसचं बटण बघायची आणि पुन्हा निघायची. कुलूप लावलं की ओढून बघायची, आणि ओढून बघितलं होतं की नाही याचीही तिला शंका यायची. नवरा ईश्वरदास म्हणायचा, "तुह्या भीतीचे पैसे मिळाले असते तर आपण बंगला बांधला असता." त्याला काय माहीत, तिला पगार मिळत होता तो त्या भीतीचाच.

कारण प्रेमिला प्रुफं तपासायची. इतवारीत भांड्यांच्या ठोक बाजारात एका दुकानावरच्या माडीवर मनोहररावांचं गाईडं छापायचं ऑफिस होतं. खालून पातेल्यांचा खणखणाट आणि हमालांची ओरड, वर प्रेमिला, हातात लाल पेन. बाप कोष्टी, मागावर आयुष्य गेलेलं. तो धोटा चालवायचा आणि ही लहानपणी शेजारी बसून कुठे धागा सुटला ते बोटाने दाखवायची. माग केव्हाच मोडीत निघाला, पण सुटलेला धागा शोधायची खोड काही गेली नाही.

मनोहररावांचा एक नियम होता. औषधाची मात्रा असो, वजन असो की माप, पुस्तकात आकडा आला की शेजारी कंसात तो अक्षरी आलाच पाहिजे. २.५ असं छापलं की पुढे (अडीच). छपाईत टिंब उडतं, पण अख्खा शब्द उडत नाही, असं ते म्हणायचे. नर्सिंगच्या पोरींसाठी गाईड काढतो आपण, टिंब उडालं तर कोणाचा तरी जीव जाईल. प्रेमिलाला हा नियम फार आवडायचा. आपल्यासारखंच कोणी तरी घाबरतं, एवढा तरी दिलासा होता त्यात.

मग मनोहररावांचे गुडघे गेले, जिना चढवेना, आणि धंदा त्यांच्या मुलाकडे, सुशीलकडे आला. सुशील मुलगा वाईट नाही, फक्त घाईचा. एएनएमच्या परीक्षेसाठी, म्हणजे गावातल्या उपकेंद्रावर नर्सबाई होणाऱ्या पोरींसाठी, त्याने नवा प्रश्नसंच काढायला घेतला. लिहायला पुष्पलता मॅडम होत्या, नर्सिंग शाळेतून निवृत्त झालेल्या.

प्रुफांचा पहिला गठ्ठा आला आणि प्रेमिला एका ओळीवर अडकली. 'जन्मतः वजन १.५ (साडेएक) किलोपेक्षा कमी असल्यास त्या बाळास काय म्हणतात?' खाली दुसरा प्रश्न, '२.५ (साडेदोन) किलो'.

ती आधी हसली. मग टायपिंगवाल्या काजलला बोलावून दाखवलं, तीही हसली. साडेतीन असतं, साडेचार असतं, पण साडेएक? आईच्या मांडीवर बसून दीड आणि अडीच शिकलेलं माणूस झोपेतसुद्धा साडेएक म्हणणार नाही. भाजीवालीला साडेएक किलो वांगी मागून बघा, ती तुम्हाला आधी पाणी देईल. हसता हसता प्रेमिला थांबली. मग हे लिहिलं कोणी?

तिने सुशीलला सरळ विचारलं. तो मोबाइल चाळत होता, मान वर न करता म्हणाला, "पुष्पलता मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना ताई. अर्धं त्यांनी लिहिलं, उरलेलं एआयकडून करून घेतलं. आजकाल सगळेच करून राहिले. काही वाईट नाही लिहिलं त्याने."

"कोणतं त्यांचं अन् कोणतं मशीनचं?"

"ते आता कसं सांगू? सगळं एकाच फायलीत मिसळलं. तुम्ही बघा ना. तपासायलेच तं बसल्या तुम्ही."

तेव्हा प्रेमिलाने स्वतःपुरती एक युक्ती काढली. जिथे साडेएक-साडेदोन दिसेल तो भाग मशीनचा. तो सरकारी पुस्तिकेशी ओळ न् ओळ ताडून बघायचा. बाकीचा पुष्पलता मॅडमचा, त्यात फक्त शुद्धलेखन बघायचं. युक्ती चांगली होती. साडेएकच्या आसपास तिला खरोखरच भलभलतं सापडलं: नसलेल्या योजना, आणि कधी निघालीच नाहीत अशी परिपत्रकं, क्रमांक आणि तारखेसकट. थाप मारणारं माणूस जरा तरी चाचरतं, हे कुठेच चाचरत नव्हतं. तिने तो सगळा गठ्ठा लाल करून टाकला आणि काजलला म्हणाली, "आणि ते साडेएक, साडेदोन सगळे काढून टाक वं. लाज वाटते."

प्रुफांचा दुसरा गठ्ठा आला तो कसा स्वच्छ! दीडच्या जागी दीड, अडीचच्या जागी अडीच. प्रेमिलाचा जीव भांड्यात पडला. हा मॅडमचाच हात, ती म्हणाली, आणि शुद्धलेखन बघून सही केली. पुस्तक छापून आलं. आतल्या पानावर सुशीलने कौतुकाने छापलं होतं, 'तपासणी: प्रेमिला निनावे'. आजवर आडनावाप्रमाणे निनावीच राहिलेल्या बाईचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं. पोरीने, श्वेताने, ते पान वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींना दाखवलं. श्वेता एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या सगळ्या वर्गाने तेच पुस्तक घेतलं. घरचं पुस्तक म्हटल्यावर कोण सोडतं?

महिना उलटला. त्या दिवशी श्वेताची लसीकरणाची ड्युटी होती, कामठीच्या पुढच्या एका गावात. सकाळी पोळी-भाजी खाता खाता ती पुस्तक चाळत होती. एकदम खुदकन हसली.

"आई, दीडवीस म्हणजे किती वं?"

"काय?"

"दीडवीस. हे पाय ना. गरोदर बाईचा दंडघेर २१.५, कंसात दीडवीस सेंटिमीटर. तू तपासलं ना हे?" पोरगी हसत हसत पाण्याची बाटली भरायला गेली. पुस्तक पिशवीत टाकलं, चपला घातल्या आणि निघूनही गेली.

प्रेमिला परातीत हात घालून तशीच उभी राहिली. साडेएकवीस. त्यातलं 'साडेएक' कोणी तरी उचलून तिथे 'दीड' ठेवलं होतं. म्हणजे हाताने केलेलं नव्हतं. काजलने कॉम्प्युटरला सांगितलं असणार, जिथे साडेएक असेल तिथे दीड कर, आणि कॉम्प्युटरने सगळ्या फायलीत केलं. दुसरा गठ्ठा छापून तिच्याकडे यायच्या आधीच.

मग तो गठ्ठा स्वच्छ होता कारण तो धुतलेला होता. धुवायला तिनेच सांगितलं होतं. ज्या एका खुणेवरून तिला मशीन ओळखू येत होतं ती खूण तिने लाजेखातर स्वतःच पुसायला लावली, आणि वर कोऱ्या मनाने सही केली.

भीती तिला नवी नव्हती, पण ही वेगळी होती. गॅसची भीती म्हणजे बघून आलं की संपायची. ही बघितल्यावर सुरू होणार होती.

तिने कणीक तशीच झाकली आणि इतवारी गाठली. गॅस बघायला ती परत फिरली नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. माडीवर जाऊन तिने पुस्तकाचा दुसऱ्या गठ्ठ्यातला भाग उघडला आणि शेजारी आरोग्य सेवकांसाठी असलेली सरकारी पुस्तिका. बोट एका ओळीवर, दुसरं बोट दुसऱ्या ओळीवर. लसी कुठल्या वयात, बरोबर. लसी गार ठेवायची शीतसाखळी, बरोबर. तिला वाटायला लागलं, देवा, उगीच घाबरले मी. मग 'लसीकरणानंतरची गुंतागुंत' आलं.

प्रश्न असा: लस दिल्यानंतर सहा आठवड्यांच्या बाळाला एकाएकी तीव्र ॲलर्जी आली, श्वास लागला, अंग गार पडलं, तर ॲड्रेनलिनची मात्रा किती? उत्तर: ०.५ (अर्धा) मिली, स्नायूत. खाली परिपत्रकाचा क्रमांक.

सरकारी पुस्तिकेत वयाप्रमाणे तक्ता होता. एक वर्षाच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली. अर्धा मिली ही मोठ्या माणसाची मात्रा.

दसपट. सगळा वेळ मनोहरराव टिंबाला घाबरले, आणि इथे टिंब जागेवर होतं, कंसातला शब्दही आकड्याशी जुळत होता. आकडा आणि अक्षर दोघं मिळून खोटं बोलत होते.

सुशील आला तेव्हा तिने दोन्ही पानं त्याच्यापुढे ठेवली. तो आधी चिडला. "ताई, खाली परिपत्रक दिलं आहे. मात्रा बदलली असेल नवीन."

"शोधा ते परिपत्रक."

त्याने शोधलं. त्या क्रमांकाचं काहीच निघालं नाही. मग त्याने जिथून हे सगळं लिहून घेतलं होतं तिथेच टाईप केलं, बाळाला अर्धा मिली, हे बरोबर आहे ना? उत्तर आलं, होय, अगदी बरोबर आहे. सुशीलने मोबाइल तिच्यापुढे धरला, बघा म्हणून.

"आता लिहा, हे चूक आहे ना," प्रेमिला म्हणाली.

त्याने लिहिलं. उत्तर आलं, आपण बरोबर आहात, क्षमस्व, ही मात्रा चुकीची आहे. तेवढ्याच नम्रपणे, तेवढ्याच खात्रीने. सुशीलने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"पुढच्या छपाईत दुरुस्त करू," तो पुटपुटला.

"पुढच्या? आज लसीकरणाचा दिवस आहे सुशीलभाऊ! हे पुस्तक घेऊन पोरी आज गावागावात बसल्या हायेत. माही पोरगी बसली हाय."

श्वेताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. लस देताना मोबाइल पिशवीत ठेवायचा अशी त्यांची शिस्त, हे प्रेमिलाला माहीत होतं, आणि तरी प्रत्येक न उचललेल्या फोनबरोबर तिला एक निळं पडलेलं बाळ दिसत होतं.

कामठीचा शेअर ऑटो भरल्याशिवाय हलेना. शेजारची बाई कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन लग्नाच्या गोष्टी सांगत होती, प्रेमिला हाव हाव म्हणत होती आणि एक शब्द ऐकत नव्हती. मनात हिशेब चालला होता. अशी ॲलर्जी लाखात एखाद्या बाळाला येते, पुस्तिकेतच लिहिलं आहे, क्वचित. मग तिला वाटायचं, क्वचित म्हणजे आजही येऊ शकते. क्वचितला कुठे दिवस ठरलेला असतो? आणि श्वेता अभ्यासात हुशार. पाठ केलेलं ती कधी विसरत नाही. एरवी ज्या गोष्टीचं कौतुक सांगायची त्याच गोष्टीची आज तिला भीती वाटत होती.

गावात अंगणवाडीसमोर बायांचा घोळका दिसला आणि आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. कोणाला तरी ढकलूनच ती आत घुसली.

बाळ वजनाच्या झोळीत होतं. टोचलं म्हणून रडत होतं, लालबुंद, धडधाकट. श्वेता त्याच्या आईला सांगत होती, अर्धा तास इथेच बसा, घरी जायचं नाही. शेजारी खुर्चीवर सिंधूताई, तिथल्या उपकेंद्राच्या नर्सबाई.

"आई? तू इथं काहून? बाबाले काही झालं का?"

प्रेमिलाला धाप लागली होती. "श्वेता, मले एक सांग. या बाळाले ॲलर्जी आली. तू काय देशील? किती देशील?"

श्वेताने आधी सिंधूताईंकडे बघितलं, मग आईकडे. परीक्षेत उत्तर द्यावं तसं खणखणीत म्हणाली, "ॲड्रेनलिन. अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत."

सिंधूताईंच्या हातातलं पेन थांबलं. बाळाच्या आईला यातलं काही कळलं नाही, ती पदराने बाळाचे डोळे पुसत होती.

"काय म्हटलं वं तू?" सिंधूताई हळू म्हणाल्या.

"अर्धा मिली. पुस्तकात हाय ताई. घरचंच पुस्तक हाय आमच्या." तिने अभिमानाने ते पिशवीतून काढलंसुद्धा.

सिंधूताईंनी कोपऱ्यातला डबा ओढला. संकटकाळच्या औषधांचा. झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला होता: वयापुढे मात्रा, आणि चाळीस रेघांची एक मिली अशा इन्सुलिनच्या सिरिंजवर तिच्या किती रेघा होतात ते. श्वेताने वाचला. बोट ठेवून पुन्हा वाचला. मघाशी आपण जरा हातपाय धुवायला गेलो होतो तेवढा वेळ श्वेता इथे एकटीच होती, सिंधूताई म्हणाल्या. "तक्ता आहे म्हणून बरं. पण बाळ निळं पडल्यावर तक्ता कोण वाचते? जे पाठ हाय तेच हात करते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. प्रेमिलाला त्याचंच जास्त भ्याव वाटलं.

श्वेताने त्या पानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. 'हे उत्तर चूक आहे. लहान बाळाला ०.०५.' लगेच दोघी-तिघींची उत्तरं आली. एकीने लिहिलं, 'नक्की? मी तर अर्धा पाठ केला.' दुसरीने लिहिलं, 'क्लासच्या नोट्समध्ये पण अर्धाच आहे.' त्या नोट्स कुठून उतरवल्या असतील ते सांगायला ज्योतिषी नको. मग तिसरीचं आलं, आणि श्वेता ते आईला दाखवेना. प्रेमिलाने मोबाइल ओढून घेतला.

'अगं पण पुस्तक तुझ्या आईनेच तपासलंय ना? मग चूक कसं असेल?'

प्रेमिला अंगणवाडीच्या पायरीवर बसली. ती भित्री बाई आयुष्यभर एकाच गोष्टीला घाबरली होती, आपल्या हातून काही निसटेल याला. आता निसटलं होतं आणि त्यावर तिचं नाव होतं, आणि त्या नावामुळेच पोरींचा त्या ओळीवर विश्वास बसला होता. गप्प बसायला जागाच नव्हती. लाज फार वाटली. पण लाजेखातर एकदा खूण पुसून झाली होती.

तिने माईकचं बटण दाबून धरलं.

"पोरींनो, मी श्वेताची आई बोलून राहिली. प्रेमिला निनावे. पुस्तकावर माहं नाव हाय. ते पान मी वाचलं होतं, तपासलं नव्हतं. माह्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या सरकारी पुस्तिकेत पाहा, डब्याच्या झाकणावर पाहा. एक वर्षाच्या आतल्या बाळाले अर्धा मिली नाही. ते चूक हाय. चूक हाय ते." शेवटी तिला रडू फुटलं आणि बोट सुटलं, आणि ते तसंच गेलं.

एकेकीचं 'ऐकलं काकू' येऊ लागलं. सुशीलचा फोन आला. दुकानांतून सगळ्या प्रती परत मागवतो आहे, स्वतःच निघालो आहे, तो म्हणाला. त्याचाही आवाज घाबरलेला होता. प्रेमिलाला बरं वाटलं. घाबरला, म्हणजे कळलं.

"धनश्रीनं नाही ऐकलं," श्वेता एकदम म्हणाली. "तिची पण आज ड्युटी हाय. मौद्याकडे. तिचा मोबाइल पिशवीत असेल."

सिंधूताईंनी विचारलंही नाही. तिथल्या नर्सबाईचा नंबर लावून मोबाइल प्रेमिलाच्या हातात दिला. वाजत राहिला. अंगणवाडीतली बाळं रडत होती, थांबत होती, पुन्हा रडत होती. प्रेमिलाने डोळे मिटले.

उचलला. मागे तिथेही बाळांचा गलका. धनश्रीला बोलावलं. घाबरीघुबरी पोरगी फोनवर आली, "काय झालं काकू?"

प्रेमिलाने सांगितलं.

"बरं काकू. शून्य पॉइंट..."

"आकडा नको वं," प्रेमिला म्हणाली. "पॉइंट नको. डबा उघड, झाकणावरचा तक्ता पाय, इन्सुलिनची सिरिंज हातात घे आणि मले अक्षरात सांग. किती रेघा?"

पलीकडे डबा उघडल्याचा आवाज आला. सिरिंजचा कागद फाडल्याचा आला.

"दोन," धनश्री म्हणाली. "चाळीसच्या सिरिंजवर दोन रेघा, काकू. फक्त दोन."

"परत सांग," प्रेमिला म्हणाली.